आकृतीतले दोन ठिपके

नववीच्या विज्ञानात धाराविद्युत हा धडा सुरू झाला की पालकांच्या फोनमधून एक फोटो इकडून तिकडे फिरू लागतो. पुस्तकाचं पान जरा तिरकं आलेलं, एका कडेला अंगठ्याची सावली, आणि मधोमध एक चौकट. चौकटीच्या चार बाजूंवर चिन्हं बसवलेली, गोलात A, गोलात V, शेजारी बारीक अक्षरांत नावं. खाली प्रश्न असतो, ‘हे जरा समजावून सांगता का?’ ही ओहमच्या नियमाची आकृती. तारेतून जाणारी विद्युतधारा आणि तारेच्या दोन टोकांमधलं विभवांतर यांचं नातं तपासणाऱ्या प्रयोगाचा हा परिपथ आहे.

समजावणारा बहुधा नावांपासून सुरुवात करतो. हा सेल, ही कळ, हा अॅमीटर. मुलं नावं पाठ करतात, परीक्षेत आकृती काढून नावंही देतात, आणि प्रयोगशाळेत तारा हातात आल्या की थबकतात. आकृतीत नावांहून महत्त्वाची गोष्ट आहे ती म्हणजे कोण कोणाला जोडलंय. म्हणून तिच्यातली प्रत्येक रेघ बोट ठेवून चालत जायची असते.

आपल्या फोटोतली मांडणी अशी आहे असं समजू. वरच्या बाजूला दोन सेल आणि त्यांच्या उजवीकडे कळ. डाव्या बाजूवर गोलातला A, म्हणजे अॅमीटर. खालच्या बाजूला मधोमध नागमोडी रेघ, तिच्यावर R लिहिलेलं. हा आपल्याला मोजायचा रोध. उजव्या बाजूवर तशीच नागमोडी रेघ, पण तिला बाण लागलेला. तो रिओस्टॅट, म्हणजे कमीजास्त करता येणारा रोध. आणि R च्या खाली, मुख्य चौकटीला बाहेरून चिकटल्यासारखा, गोलातला V, म्हणजे व्होल्टमीटर. त्याच्या दोन तारा R च्या डाव्या आणि उजव्या टोकाला येऊन मिळतात. मिळतात तिथे दोन काळे ठिपके आहेत. फोटोत हे ठिपके दिसतात की नाही ते आधी मोठं करून पाहा. पुढचं बरंचसं स्पष्टीकरण त्यांच्यावरच उभं आहे.

पहिली अडचण येते ती रेघांचीच. आकृतीत दोन प्रकारच्या रेघा असतात. काही तारा दाखवतात, आणि काही फक्त नावापासून भागापर्यंत जाणाऱ्या निर्देशाच्या रेघा असतात. पुस्तकात निर्देशाच्या रेघा बारीक असतात, पण फोटोत ही जाडी सारखीच दिसू शकते. ओळखायची खूण सोपी आहे. तार दोन्ही टोकांना कशाला तरी जोडलेली असते; निर्देशरेघेचं एक टोक शब्दापाशी संपतं. शब्दापाशी संपणाऱ्या सगळ्या रेघा मनातून पुसून टाकल्या की उरतो तो परिपथ.

या परिपथाच्या रेघांची लांबी, त्यांचे काटकोन, कोणता भाग वर आणि कोणता खाली, यांना काहीही अर्थ नाही. एसटीच्या वेळापत्रकात कोणत्या गावानंतर कोणतं गाव येतं एवढंच कळतं, रस्त्याची वळणं कळत नाहीत. ही आकृतीही तशीच. फोटो उलटा धरला तरी परिपथ तोच राहतो. एका पुस्तकात अॅमीटर डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे दिसला म्हणून मुलं गोंधळतात. त्यांना दोन्ही आकृत्यांवर बोट फिरवायला सांगावं. भाग त्याच क्रमाने भेटले तर आकृती एकच आहे.

आता बोट ठेवू सेलवर. सेलच्या चिन्हात दोन समांतर उभ्या रेघा असतात. लांब आणि बारीक रेघ म्हणजे धन टोक, आखूड आणि जाड रेघ म्हणजे ऋण टोक. दोन सेल एकापुढे एक असले की लांब-आखूड, लांब-आखूड अशी जोडी दोनदा येते. नेहमीचा कोरडा सेल दीड व्होल्टचा, म्हणून दोन मिळून तीन व्होल्ट. फोटो धूसर असेल तर लांब कोणती आणि आखूड कोणती हे कळत नाही. तेव्हा अॅमीटरकडे पाहावं. त्याच्या एका बाजूला + आणि दुसऱ्या बाजूला − लिहिलेलं असतं, आणि धारा अॅमीटरमध्ये + च्या बाजूने शिरली पाहिजे. म्हणून अॅमीटरच्या + पासून रेघ धरून मागे गेलं की सेलचं जे टोक आधी लागेल तेच धन. आकृतीचा एक भाग दुसऱ्याची साक्ष देतो, आणि पुसट फोटो वाचताना या साक्षींचा फार उपयोग होतो.

धन टोकातून निघून डावीकडे, मग खाली उतरलं की अॅमीटर लागतो. वाटेत त्याला वळसा घालायला दुसरी तार नाही, म्हणजे परिपथातली सगळी धारा त्याच्यातूनच जाते. अशा जोडणीला एकसर जोडणी म्हणतात. अॅमीटरला धारा मोजायची असल्यामुळे तिने त्याच्यातून जाणं भाग आहे. पण त्याच्या असण्याने धारा कमी होऊनही चालणार नाही. म्हणून त्याचा स्वतःचा रोध अगदी कमी ठेवलेला असतो. आपण तो ०·१ ओहम धरू.

इथे मुलं एक चांगला प्रश्न विचारतात. अॅमीटर R च्या आधी आहे, तर R मध्ये शिरण्यापूर्वीची धारा मोजली गेली. बाहेर पडणारी धारा कमी असेल ना? नसते. R मधून जाताना ऊर्जा खर्च होते, रोध तापतो, पण धारा जेवढी शिरते तेवढीच बाहेर पडते. अॅमीटर काढून R च्या पलीकडे बसवला तरी काटा त्याच आकड्यावर येतो. हे सांगून पटत नाही, दोन्ही ठिकाणी लावून दाखवावं लागतं. धारा वापरली जाते ही समजूत शाळेनंतरही अनेकांच्या डोक्यात राहते.

अॅमीटरमधून निघालेलं बोट खालच्या बाजूला वळतं आणि पहिला ठिपका लागतो. इथून एक फाटा व्होल्टमीटरकडे जातो. तिकडे तूर्तास जायचं नाही. सरळ R मधून जायचं, दुसरा ठिपका ओलांडायचा आणि उजव्या बाजूच्या रिओस्टॅटवर यायचं.

रिओस्टॅट कागदावर सोपा आणि टेबलावर फसवा असतो. चिनी मातीच्या नळकांड्यावर रोधाची तार गुंडाळलेली असते आणि वर एका धातूच्या दांड्यावर सरकपट्टी असते. आकृतीतला बाण म्हणजे ही सरकपट्टी. उपकरणाला तीन टोकं असतात : खाली तारेची दोन, वर दांड्याचं एक. परिपथात यातली दोनच वापरायची, खालचं एक आणि वरचं एक. धारा खालच्या टोकातून शिरते, सरकपट्टीपर्यंतची तार ओलांडते आणि दांड्यावरून बाहेर पडते. सरकपट्टी हलली की वाटेतल्या तारेची लांबी बदलते आणि रोधही बदलतो. खालची दोन्ही टोकं जोडली तर सगळी गुंडाळी कायमची वाटेत येते. मग सरकपट्टी कितीही हलवा, काटा जागचा हलत नाही. प्रयोगात ‘रिओस्टॅट चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी हे पाहावं.

उजव्या बाजूने वर जाऊन कळ लागते. कंसांच्या जोडीत मध्ये टिंब असेल तर कळ बंद, म्हणजे परिपथ जोडलेला. टिंब नसेल तर परिपथ तुटलेला. इथेही लहानशा टिंबाने सगळं बदलतं. कळीतून पुढे सेलचं ऋण टोक, आणि फेरी पूर्ण. पुस्तकातले बाणही असेच, धन टोकाकडून निघून ऋण टोकाकडे येणारे असतात. तारेतले इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात याच्या उलट दिशेने सरकतात. बाणांचा संकेत इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या, म्हणजे १८९७च्या, कितीतरी आधी रुळला होता आणि तोच पुढे चालू राहिला. या आकृतीतली सगळी मोजमापं त्या संकेतानेही अचूक येतात.

मुख्य फेरी झाली. आता मागे ठेवलेला फाटा.

व्होल्टमीटरच्या दोन तारा दोन ठिपक्यांना जोडल्या आहेत. ठिपका म्हणजे तारा तिथे खरोखर जोडल्या आहेत. दोन रेघा ठिपक्याशिवाय एकमेकींना ओलांडून जात असतील तर त्या जोडलेल्या नाहीत, नुसत्या एकमेकींवरून गेल्या आहेत. पहिल्या ठिपक्यापाशी धारेला दोन वाटा मिळतात, एक R मधून आणि एक व्होल्टमीटरमधून. ही समांतर जोडणी. व्होल्टमीटरला दोन ठिपक्यांमधलं विभवांतर सांगायचं आहे. ते सांगताना त्याने R ची धारा आपल्याकडे ओढू नये, म्हणून त्याचा रोध खूप मोठा ठेवतात. आपण तो ३००० ओहम धरू.

आता आकडे घालून पाहू. R आहे ५ ओहमचा, सेल मिळून ३ व्होल्ट. सेलांचा आणि अॅमीटरचा स्वतःचा रोध सोपेपणासाठी बाजूला ठेवू. रिओस्टॅट १० ओहमवर असताना फेरीतला एकूण रोध १५ ओहम, म्हणून धारा ०·२ अँपिअर, आणि R च्या टोकांमधलं विभवांतर १ व्होल्ट. रिओस्टॅट ५ ओहमवर आणला की धारा ०·३ अँपिअर आणि विभवांतर १·५ व्होल्ट. १ ओहमवर आणला की धारा ०·५ अँपिअर आणि विभवांतर २·५ व्होल्ट. तिन्ही वेळा विभवांतराला धारेने भागलं की ५ येतात. हाच ओहमचा नियम : तापमान आणि तारेची बाकीची भौतिक अवस्था कायम असताना विभवांतर धारेच्या प्रमाणात बदलतं, V = IR. याच ओळीत अक्षरांचा घोटाळा होतो तो दूर करावा. सूत्रातला V म्हणजे विभवांतर, गोलातला V म्हणजे उपकरण, आणि आकड्यापुढचा V म्हणजे व्होल्ट हे एकक.

या भागाकारात सेलचे ३ व्होल्ट कुठेच आले नाहीत, रिओस्टॅटचे १०, ५ आणि १ ओहमही आले नाहीत. सेल जुने होऊन अडीच व्होल्टवर आले असते तरी उत्तर ५ च आलं असतं. याचं कारण ते दोन ठिपके. त्यांच्यामध्ये R सोडून दुसरं काही नाही, म्हणून व्होल्टमीटर फक्त R बद्दल बोलतो.

ठिपके सरकवून पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. फोटोची उजवी बाजू कापली गेली आहे आणि व्होल्टमीटरची दुसरी तार रिओस्टॅटच्या पलीकडे जोडली आहे असा कुणाचा समज झाला, असं धरू. आता व्होल्टमीटरच्या दोन टोकांमध्ये R आणि रिओस्टॅट दोन्ही आले. सरकपट्टी कुठेही असली तरी व्होल्टमीटर जवळजवळ ३ व्होल्टच दाखवील. धारा मात्र पूर्वीसारखीच ०·२, ०·३, ०·५ अशी वाढेल. भागाकार येईल १५, १० आणि ६. विद्यार्थी म्हणेल की नियम चुकला. नियम बरोबरच आहे. भागाकार त्या क्षणी ठिपक्यांमध्ये असलेला सगळा रोध सांगतो आहे, १० अधिक ५, ५ अधिक ५, १ अधिक ५. चुकीच्या जोडणीनेही खरंच उत्तर दिलं, फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचं होतं.

आता व्होल्टमीटरने ओढलेल्या धारेचा हिशोब. R वर २·५ व्होल्ट असताना ३००० ओहमच्या व्होल्टमीटरमधून एक मिलिअँपिअरहूनही कमी धारा जाते. R मधून ५०० मिलिअँपिअर जात असताना शाळेच्या अॅमीटरच्या पट्टीवर एवढा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. पण R जर ३००० ओहमचा असता तर पहिल्या ठिपक्यापाशी धारा अर्धी-अर्धी वाटली गेली असती आणि भागाकार ३००० ऐवजी १५०० आला असता. शिवाय एवढ्या कमी धारेने शाळेतल्या अॅमीटरचा काटा हललाही नसता. म्हणजे पुस्तकातली ही आकृती लहान रोधांसाठी बेतलेली आहे. पुस्तकात हे सहसा लिहिलेलं नसतं, शिक्षकांनी सांगायला हवं.

A आणि V यांची अदलाबदल झाली तर? व्होल्टमीटर मुख्य फेरीत आला की त्याचे ३००० ओहम वाटेत येतात आणि धारा एक मिलिअँपिअरवर उतरते. अॅमीटरचा काटा शून्यावरून हलत नाही, व्होल्टमीटर जवळजवळ पुरते ३ व्होल्ट दाखवतो आणि रिओस्टॅट सरकवूनही काही बदलत नाही. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर अदलाबदलीचा संशय घ्यावा. नुकसान होत नाही, वेळ जातो. अॅमीटर थेट सेलच्या दोन टोकांना लावणं मात्र खरंच धोक्याचं. त्याचा रोध इतका कमी असतो की खूप मोठी धारा वाहते, काटा पट्टीच्या टोकावर आदळतो आणि आतली गुंडाळी जळू शकते.

जोडणी बरोबर असूनही तार कुठेतरी सैल राहते. लाखेचा किंवा मळाचा थर नीट न खरवडलेलं तारेचं टोक हे त्याचं नेहमीचं कारण. अशा वेळी सगळं उसकटण्याआधी आकृती समोर ठेवून दोन काटे वाचावेत. दोन्ही शून्यावर असतील तर तुटणं मुख्य फेरीत, ठिपक्यांच्या बाहेर कुठेतरी आहे : सेल, कळ, अॅमीटर किंवा रिओस्टॅटपाशी. अॅमीटर शून्य आणि व्होल्टमीटर पुरे ३ व्होल्ट दाखवत असेल तर तुटणं दोन ठिपक्यांच्या मधे, R मध्येच आहे. धारेला आता व्होल्टमीटरमधूनच जावं लागतंय. हे लक्षण अदलाबदलीसारखंच दिसतं, म्हणून उपकरणांवरची अक्षरं आधी तपासावीत. अॅमीटर आकडा दाखवतोय पण व्होल्टमीटर शून्यावर असेल तर व्होल्टमीटरची तार सैल आहे, किंवा R च्या दोन टोकांना चुकून उघडी तार टेकली आहे. काटा शून्याच्या डावीकडे ढकलला जात असेल तर त्या उपकरणाचे + आणि − उलटे लागले आहेत.

जोडणीचा क्रमही आकृतीतूनच मिळतो. कळ उघडी ठेवायची, सेलच्या धन टोकापासून निघून मुख्य फेरी पूर्ण करून ऋण टोकाला यायचं, आणि सगळ्यात शेवटी व्होल्टमीटर R च्या टोकांना लावायचा. रिओस्टॅट जास्तीत जास्त रोधावर ठेवून सुरुवात करायची. आकडे वाचायचे आणि लगेच कळ काढायची. कळ घातलेली राहिली तर सेल थकतात आणि R तापतो. तापला की त्याचा रोध बदलू लागतो.

स्थिर धारेची ही काळजी खुद्द गेओर्ग ओहमलाही सतावत होती. तो जर्मनीत कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकी शिकवत असे. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरायचा, त्यामुळे दोन वाचनांची तुलना करता येत नसे. त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ व तांबे यांची जोडणी वापरली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं आपोआप स्थिर राहतात, म्हणून मिळणारा विद्युत जोरही स्थिर राहतो. वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून, टांगलेली चुंबकसुई किती वळते यावरून त्याने धारा मोजली. १८२७ साली त्याचं पुस्तक निघालं. जर्मनीत त्याची उपेक्षा झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कॉप्ली पदक दिलं. त्याच्याकडे आपल्या आकृतीतला अॅमीटर नव्हता, व्होल्टमीटरही नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला जे दोन आकडे काट्यावर मिळतात, ते त्याला सुईच्या वळणातून काढावे लागले.

आता आकृतीत एकच बदल करायचा. R काढून त्या जागी, त्याच दोन ठिपक्यांमध्ये, टॉर्चचा छोटा तारेचा बल्ब बसवायचा. समजा त्याच्यावर २·५ व्होल्ट, ०·३ अँपिअर असं लिहिलंय. पूर्ण उजेडात त्याचा रोध भागाकाराने सव्वाआठ ओहमच्या थोडा वर येतो. पण रिओस्टॅट वाढवून बल्ब जेमतेम लालसर होईल इतकी धारा कमी केली की भागाकार कमी येतो, आणि बल्ब पुरता विझेपर्यंत खाली गेलं तर आणखी कमी. आतली टंगस्टनची तार पेटलेली असताना दोन हजार अंशांच्या वर तापते आणि तापली की तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो. आडव्या अक्षावर विभवांतर आणि उभ्या अक्षावर धारा घेऊन आलेख काढला तर R ची रेघ शून्यातून सरळ वर जाते. बल्बची रेघ सुरुवातीला जास्त उभी चढते आणि पुढे आडवी होत जाते. परिपथ तोच, उपकरणं तीच, जोडणी बरोबर. ओहमच्या नियमातली तापमान कायम राहण्याची अट तेवढी इथे पाळली जात नाही. म्हणून साध्या रोधासाठी ‘५ ओहम’ एवढं लिहिलं की पुरतं, आणि बल्बचा रोध लिहिताना तो किती व्होल्टवर मोजला तेही शेजारी लिहावं लागतं.